पहिल्या चार सिटिंगमध्ये नेमकं काय होतं

प्रश्न: लग्नाला अकरा वर्षं झाली, एक मुलगी आहे. बायको म्हणते, आपण दोघं काउन्सेलरकडे जाऊ. मला हे काही पटत नाही. चुलत भावाला तक्रारीनंतर समुपदेशनाला बोलावलं होतं, तिथं तासभर त्यालाच झापलं. बहुतेक काउन्सेलर बायकाच असतात, त्या तिचीच बाजू घेणार. शिवाय कोल्हापूर ते केवढं, उद्या गावभर होईल. जायचंच झालं तर माणूस कसा निवडायचा आणि पहिल्या भेटींत करतात तरी काय?

उत्तर:

मी स्वतः काउन्सेलर आहे, बाईच आहे, आणि राजारामपुरीत गेली सतरा वर्षं जोडप्यांबरोबर काम करते. तेव्हा माझं म्हणणं जरा पारखूनच घ्या.

चुलत भावाचं आधी बोलते, कारण तुमची भीती तिथून आली आहे असं मला वाटतं. पोलिसांकडच्या महिला साहाय्य कक्षात समुपदेशन होतं तेव्हा टेबलावर एक अर्ज असतो. एक अर्जदार, दुसरा ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो. गुन्हा दाखल होण्याआधी मिटतंय का, हे बघायचं काम तिथं चालतं. कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक आणखी वेगळे. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानं ते न्यायालयाला जोडलेले असतात आणि त्यांच्यासमोर बसेपर्यंत तुमचा दावा दाखल झालेला असतो. दोन्हीकडं चांगली माणसं आहेत, पण जागाच अशी आहे की तिथं जाणाऱ्याला आपण आरोपी आहोत असं वाटतं. तुमची बायको ज्याबद्दल बोलते आहे तिथं अर्ज नाही, तारीख नाही, कुणी कुणाविरुद्ध नाही.

कोल्हापूरच्या माणसाला सांगायचं तर तुमच्या डोक्यात पंच आहे, आणि इथं बसलेला असतो वस्ताद. पंच कुस्ती संपल्यावर एकाचा हात वर करतो. वस्ताद तालमीत जोड लावतो, मध्येच थांबवतो आणि म्हणतो, आता पुन्हा धर, तुझा हात कुठं गेला बघ. कोण जिंकलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आता काही काउन्सेलर खरोखरच पंच होऊन बसतात, हेही खरं. म्हणून निवड नीट करायची.

दारावरच्या पाटीवर जाऊ नका. 'समुपदेशक' अशी पाटी आपल्याकडं जवळपास कुणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं, त्याची नोंदणी लागते आणि तो नंबर विचारला तर बिघडत नाही. मानसशास्त्रात एमए किंवा एमएसडब्ल्यू करून जोडप्यांचं उत्तम काम करणारेही आहेत. उलट मोठी पदवी असलेला माणूस जोडप्यांच्या कामात कच्चा निघू शकतो, कारण समोर एक माणूस बसणं आणि दोन बसणं यात फार फरक आहे. एकाचं ऐकताना त्याच्या बाजूनं विचार करायची सवय लागते. दोघं समोर असले की तीच सवय घात करते. म्हणून पदवीनंतरचा प्रश्न हा: जोडप्यांबरोबर काम करायचं वेगळं शिक्षण कुठं घेतलं आणि आठवड्याला अशी किती जोडपी बघता?

हे सगळं फोनवर दहा मिनिटांत कळतं. मी तुमच्या जागी असते तर फोन लावून एवढंच म्हणाले असते, "मला स्वतःला यायचं नाहीये, मिसेस म्हणतायत म्हणून विचारतोय. तुमचं काय म्हणणं?" आणि मग गप्प बसले असते. पलीकडून "पाठवून द्या त्यांना, मी समजावते" असं आलं तर फोन ठेवा. हे वाक्य तुमच्या बाजूचं वाटेल, पण उद्या बायकोनं फोन केला तर ती बाई तिलाही हेच सांगणार. "तीन सिटिंगमध्ये फरक पडतो, गॅरंटी," हे ऐकलं तरी ठेवा. सासू-सासऱ्यांना पहिल्याच दिवशी घेऊन या म्हणणारा, पत्रिका मागणारा, हेही नको. चांगल्या माणसाचं उत्तर बऱ्याचदा थोडं निराश करणारं असतं. तो म्हणेल, नको वाटणं साहजिक आहे, आधी तीन-चार वेळा या, मग तिघं मिळून ठरवू पुढं जायचं का.

अजून एक प्रश्न फोनवरच विचारा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा: "आम्हाला वेगवेगळं भेटलात आणि मी तुम्हाला काही खासगी सांगितलं, तर ते बायकोला सांगाल का?" इथं प्रत्येकाचा नियम वेगळा असतो. काही जण म्हणतात, एकट्यानं सांगितलेलं सगळं दोघांसमोर येऊ शकतं. काही जण म्हणतात, काहीच येणार नाही. मी मधला नियम पाळते: मी स्वतः बाहेर काढत नाही, पण ती गोष्ट अशी असेल की ती लपवून दोघांचं काम पुढं जाऊच शकत नाही, तर सांगायला मी मदत करते, मुदत देते, आणि तरीही नाहीच म्हणालात तर एकत्र काम थांबवते. नियम कुठलाही असो, तो आधी सांगितलेला असावा, शक्यतो लिहून. ज्याच्याकडं या प्रश्नाला उत्तरच नाही त्यानं जोडप्यांचं काम फारसं केलेलं नाही असं खुशाल समजा.

गावभर होण्याचं काय? ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. माझ्याकडं येणारी काही जोडपी खास ओळख नको म्हणून आधी सांगलीला जात होती. त्यातल्या एकाला तिथल्या बाकावर आपल्याच गल्लीतले शेजारी भेटले. दोघंही मान खाली घालून मोबाइल बघत बसले म्हणे. तेव्हा गाव बदलून काही होत नाही. दोन जोडप्यांच्या वेळेत पंधरा मिनिटं रिकामी सोडता का, हे विचारा. ऑनलाइनही होतं, पण पहिल्या भेटीला समोर बसणं मला बरं वाटतं, आणि घरात सासूबाई पलीकडच्या खोलीत असतील तर ऑनलाइनचा काही उपयोग नाही. काउन्सेलर तोंड उघडत नाही हे गृहीत धरा, पण त्याला अपवाद असतात: कुणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयानं आदेश दिला, किंवा लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर. शेवटच्या बाबतीत 2012 च्या पोक्सो कायद्यानं कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे.

आता आत काय होतं ते. सगळे एकाच पद्धतीनं काम करत नाहीत, पण पहिली भेट दोघांची, मग एकेकाची एक, आणि चौथ्या भेटीत काउन्सेलर आपल्याला काय दिसलं ते दोघांसमोर मांडतो, ही चाल बऱ्याच शिकलेल्या लोकांकडं सापडेल. मीही तशीच चालते. एक जोडपं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तो शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर, ती शाळेत शिक्षिका. पहिल्या भेटीला मी दीड तास ठेवते. तो आला तो खुर्ची थोडी दाराकडं सरकवून बसला. मी पहिल्यांदा त्यालाच विचारलं, "तुम्हाला यायचं नव्हतं ना?" म्हणाला, "खरं सांगू का मॅडम, नव्हतं." यात युक्ती काही नाही. ज्याला यायचं नव्हतं त्याला ते बोलून टाकायला जागा दिली नाही, तर तो दीड तास मनातल्या मनात तेच बोलत बसतो.

मग मी कुणाचं चुकलं हे विचारत नाही. शेवटचं भांडण विचारते, तेही पहिल्या वाक्यापासून. मंगळवारी रात्री साडेनऊला तो घरी आला. तिनं विचारलं, "या महिन्याचे पैसे अजून टाकले नाहीत का?" तो म्हणाला, "टाकतो." ती म्हणाली, "कधी?" तो गप्प. तिनं आवाज चढवला. तो चप्पल घालून कट्ट्यावर गेला, साडेअकराला परतला. ती भिंतीकडं तोंड करून झोपलेली. ती मला म्हणाली, "ह्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. ह्यांना काही वाटतच नाही."

हे सांगतानाही तिचा आवाज चढत होता आणि त्याचा चेहरा दगडासारखा. माझ्या ड्रॉवरमध्ये कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर पडलेला आहे. मी तो त्याच्या बोटाला लावला. नाडी 112. आत आल्याला वीस मिनिटं झाली होती, जिना चढल्याचा तो परिणाम नव्हता. आकडा तिच्याकडं वळवला, तशी ती बोलायची थांबली.

यामागं अभ्यास आहे. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना भांडणाच्या विषयावर बोलायला बसवून त्यांची नाडी, घाम वगैरे मोजलं होतं. गॉटमन सांगतात की नाडी मिनिटाला साधारण शंभरच्या वर गेली की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरणं अवघड होतं, आणि शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणजे बाहेरून दगड दिसणारा माणूस बऱ्याचदा आतून उकळत असतो. ती समजत होती याला काही वाटत नाही, म्हणून जोर लावत होती. त्याला इतकं वाटत होतं की तोंड उघडत नव्हतं, म्हणून निघून जात होता. ती जोर लावते म्हणून तो जातो आणि तो जातो म्हणून ती जोर लावते. कुणापासून सुरू झालं, हे शोधत बसलं तर दिवस जातो.

घरी एकच गोष्ट दिली: उठून जायचं तर जा, पण परत बोलायची वेळ सांगून जा. "साडेदहाला बोलू," आणि साडेदहाला यायचंच. वेळ न सांगता गेलेला माणूस मागं राहिलेल्याला सोडून गेल्यासारखा वाटतो.

दुसरी भेट त्याची एकट्याची, तिसरी तिची. एकेकाला भेटण्याचं खरं कारण लोकांना सांगितलं तर दचकतात, पण सांगते. घरात कुणी कुणाला भिऊन वागतं का, हात उचलला जातो का, पैसे किंवा फोन कुणी अडवून धरतं का, हे मला दोघांना वेगवेगळं विचारायचं असतं. जोडीदारासमोर याचं खरं उत्तर मिळत नाही. आणि उत्तर 'हो' असेल, एक जण दुसऱ्याच्या धाकात असेल, तर मी दोघांना एकत्र बसवत नाही. माझ्यासमोर धीर करून बोललेल्या वाक्याची किंमत घरी गेल्यावर चुकवावी लागते. तेव्हा काम वेगळं होतं, सुरक्षिततेचं. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. तुमच्या घरात असं असेल तर माझं बाकीचं उत्तर तुम्हाला लागू नाही. रोजची दारू असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ, मग मी.

या दोघांत तसं काही नव्हतं. पण एकट्याच्या भेटीत, निघायला दहा मिनिटं राहिली असताना, तो म्हणाला, "एक गोष्ट तिला माहीत नाही." भावाच्या दुकानासाठी त्यानं पतसंस्थेतून चार लाखांचं कर्ज काढलं होतं. भाऊ हप्ते देईना, म्हणून दर महिन्याला साडेनऊ हजार याच्या पगारातून जात होते. मंगळवारचं "टाकतो" म्हणजे हेच होतं. पैसे नव्हतेच.

निघता निघता महत्त्वाचं बोलणं, हे जवळजवळ सगळेच करतात. मी त्याला आधीच सांगितलेला नियम पुन्हा सांगितला. मी बोलणार नाही, पण हे तिला माहीत नसताना चौथ्या भेटीत मी काय मांडू? तिला सांगणार की तुम्ही दोघं पैशावरून नाही, आवाजावरून भांडता? ते अर्धं खोटं झालं असतं. दोन आठवड्यांची मुदत ठरली. कसं सांगायचं याची तयारी आम्ही एकदा केली. आधी आकडा, मग कधीपासून, मग का लपवलं, आणि 'पण तुझ्या माहेरच्यांनीही' हे वाक्य अजिबात नाही.

त्यानं माझ्याकडं येऊनच सांगितलं, तिच्या समोर. ती रडली नाही, ओरडलीही नाही. पिशवीतून वही काढली आणि म्हणाली, "किती हप्ते राहिलेत?" मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. तसं झालं नाही. पुढचे दोन आठवडे ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. सांगून टाकलं की मोकळं, असं नसतं. काही वेळा घरातलं वातावरण आधी बिघडतं. हे तुम्ही पहिल्या दिवसापासून धरून चाला. तिसऱ्या-चौथ्या भेटीच्या सुमाराला "जाऊन उलट वाढलंच" असं वाटणारे पुष्कळ असतात. घरी जाताना गाडीत भांडण होणं हेही नेहमीचंच. मी सगळ्यांना सांगते, त्या दिवशी परतताना सिटिंगचा विषय काढू नका. रंकाळ्यावर भेळ खा, पण विषय काढू नका.

चौथ्या भेटीत, जी त्यांच्या बाबतीत सहावी झाली, मी जे मांडलं ते तीन-चार वाक्यांचं होतं. तिला लहानपणापासून घरात अचानक पैसे संपायची धास्ती, म्हणून ती विचारते. त्याला मोठा भाऊ म्हणून 'नाही' म्हणता न येण्याची सवय, म्हणून तो लपवतो. विचारणं आणि लपवणं एकमेकांना खत घालतात. मग दोघांना विचारलं, यातलं काय चुकीचं आहे? त्यानं एक शब्द बदलायला लावला. 'लपवतो' नको म्हणाला, 'पुढं ढकलतो' म्हणा. तिनं मान हलवली, पण 'लपवतो'ही राहू दे म्हणाली. दोन्ही लिहून ठेवले.

तुमची कसोटी इथं आहे. चौथ्या भेटीच्या शेवटी काउन्सेलरनं तुमचं भांडण अशा शब्दांत सांगितलं पाहिजे की तुम्ही म्हणाल 'हो, माझं असंच होतं' आणि तुमची बायकोही तेच म्हणेल. फक्त तिला पटलं तर तो पंच झाला. फक्त तुम्हाला पटलं तरी तेच, आणि त्यात आनंद मानू नका, कारण ती पुढच्या वेळी येणार नाही. बाजू घेतली जातेय असं मध्येच वाटलं तर तिथल्या तिथं बोला, "मॅडम, तुम्ही दोनदा मलाच थांबवलं." चांगला माणूस यावर चिडत नाही, मोजून बघतो. मला हे एका शेतकरी गृहस्थांनी सुनावलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांची बायको फार हळू बोलत होती, आणि मी तिला वाट करून द्यायच्या नादात या गृहस्थांना चारदा तोडलं होतं.

उपयोग होतो का, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. मी ज्या चार भेटींची चाल सांगितली ती अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या पद्धतीची आहे. त्यांच्या अभ्यासात 134 जोडपी होती, सगळी बरीच ताणलेली, आणि त्यांना जास्तीत जास्त 26 सिटिंग मिळाल्या. सिटिंग संपल्यावर पाच वर्षांनी काय उरलं, याचे निष्कर्ष 2010 साली छापले; त्यात जवळजवळ निम्म्या जोडप्यांत ठळक सुधारणा टिकलेली होती आणि साधारण चौथा हिस्सा जोडपी वेगळी झालेली होती. अमेरिकेतली जोडपी ती, आपल्यासारखी एकत्र कुटुंबं आणि नणंदा-दीर त्यात नाहीत. पण निम्मी म्हणजे निम्मी; "शंभर टक्के जमतं" म्हणणाऱ्यापुढं हा आकडा ठेवा.

तुमच्यातल्या एकाच्या मनात वेगळं व्हायचं आधीच पक्कं असेल, तर या चार भेटींपेक्षा वेगळं काम लागतं. बिल डोहर्टी नावाच्या अमेरिकन थेरपिस्टनं त्यासाठी जास्तीत जास्त पाच भेटींची पद्धत बसवली आहे. त्यात संसार सुधारत नाहीत, फक्त पुढं काय करायचं ते ठरवतात. तुमच्या प्रश्नावरून तुमच्याकडं तसं दिसत नाही, पण बायकोच्या मनात काय आहे ते तुम्हालाही ठाऊक नाही. एकदा विचारून बघा.

पैशाचं म्हणाल तर मी एका भेटीचे दीड हजार घेते, पहिल्या लांब भेटीचे दोन. चार भेटींचे मिळून साडेसहा. गावात यापेक्षा कमी घेणारे आहेत आणि जास्त घेणारेही. पहिल्या दोन महिन्यांत दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी भेट नसेल तर फारसं हाती लागत नाही. महिन्यातून एकदा आलं की प्रत्येक वेळी नवं भांडण सांगण्यातच तास जातो.

बायकोला 'हो, काउन्सेलिंग करू' म्हणू नका, ते तुम्हालाच खरं वाटणार नाही. 'चार भेटींना येतो, नंतर मला नाही म्हणायचा हक्क' एवढं म्हणा, आणि चौथीआधी मागं फिरू नका. फोन मात्र तुम्ही स्वतः लावा. तिनं निवडलेल्या माणसाकडं तुम्ही पाहुण्यासारखे जाल. दोन-तीन नंबर घेऊन बसा, तिला शेजारी बसवा आणि स्पीकर चालू ठेवा.